पडदा नेमका कुठे आहे?

स्टेपर मोटर फक्त पावलं मोजते. दोनशे पावलं टाकली की तिचा एक फेरा पूर्ण होतो. पडदा रुळावर अडकला तरी कंट्रोलर पावलं मोजतच राहतो, त्यामुळे हिशेबात उघडलेला पडदा प्रत्यक्षात अर्ध्यावर थांबलेला असतो. स्वयंचलित पडद्याचं सगळं गणित या एका उणिवेभोवती फिरतं.

हॉलमधली दोन मीटरची खिडकी घ्या. मोटर १.५ अँपिअरची, तिच्या वेटोळ्याचा रोध साधारण २ ओहम. १२ व्होल्ट थेट दिले तर सहा अँपिअर वाहतील आणि मोटर जळेल. म्हणून प्रवाहाला स्वतः लगाम घालणारा ड्रायव्हर हवा. A4988 स्वस्त आहे, पण चालताना कुरकुरतो. झोपण्याच्या खोलीसाठी जवळजवळ मूक चालणारा TMC2209 घ्यावा.

A4988 वरची प्रवाहमर्यादा बारीक स्क्रूने ठरते. बोर्डावरच्या छोट्या रोधकांवर R100 लिहिलेलं असेल तर ते ०.१ ओहमचे असतात. आपल्याला १ अँपिअर पुरे:

```
Vref = 8 × I × Rs = 8 × 1 × 0.1 = 0.8 V
```

मल्टिमीटरचं एक टोक स्क्रूला आणि दुसरं ग्राउंडला लावून ०.८ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा. पडदा ओढताना मोटर थरथरत जागीच राहिली तर प्रवाह कमी पडतोय किंवा वेग जास्त आहे. ड्रायव्हर तापून मध्येच थांबत असेल तर प्रवाह जास्त आहे. वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नका, ड्रायव्हर तत्काळ निकामी होऊ शकतो.

आता पडद्याला शून्य दाखवायचं. रुळाच्या एका टोकाला लिमिट स्विच बसवा आणि एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा संपर्क वापरा. मग तार तुटली तरी कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखाच वाटतो आणि मोटर थांबते. सुरुवातीला पडदा स्विचकडे न्या, तो दाबला गेला की पाच मिलिमीटर मागे घ्या, पुन्हा अगदी सावकाश पुढे न्या. दुसऱ्यांदा दाबला जाईल ती जागा शून्य. सव्वादोन मीटर जाऊनही स्विच लागला नाही तर मोटर थांबवण्याची अट प्रोग्रॅममध्ये हवीच.

वीस दात्यांची पुली आणि दोन मिलिमीटर अंतराचे दाते असलेला पट्टा एका फेऱ्यात ४० मिलिमीटर सरकतो. पावलाचे सोळा भाग केले तर दोन मीटरला १,६०,००० स्पंदनं लागतात. अर्डुइनो उनोच्या int मध्ये ३२,७६७ पलीकडचा आकडा मावत नाही, तिथे long वापरा.

थांबलेल्या मोटरला प्रवाह देत राहिलं तर ती तापते. प्रवाह बंद ठेवला तर कुणी हाताने पडदा ओढला की हिशेब चुकतो. म्हणून प्रवाह बंदच ठेवा आणि रोज सकाळी पहिल्या हालचालीआधी पडद्याला एकदा स्विचपर्यंत नेऊन आणा.