अडीच रुपयांची सूट आणि दोन फोन

किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपमध्ये ५० रुपयांच्या बिलावर ५ टक्के सूट आहे असं धरा. सूट येते अडीच रुपये, आणि दुकानाचा नियम असा की सूट पूर्ण रुपयांतच द्यायची. अँड्रॉइडचं ॲप कोटलिन भाषेत लिहिलेलं असतं, आयफोनचं स्विफ्टमध्ये. दोघा प्रोग्रामरनी आपापल्या भाषेतलं पूर्णांक करण्याचं तयार फंक्शन वापरलं.

```kotlin
round(50 * 5 / 100.0)        // 2.0
```

```swift
(50 * 5 / 100.0).rounded()   // 3.0
```

अँड्रॉइडवर बिल ४८ रुपये झालं, आयफोनवर ४७. चूक दोघांचीही नाही. बरोब्बर अर्धा आला की कोटलिनचं `round` जवळच्या सम संख्येकडे जातं, तर स्विफ्टचं `rounded()` शून्यापासून दूरच्या संख्येकडे. २.६ वर दोन्हींचं उत्तर ३ येतं, त्यामुळे चाचणीत हा फरक सहज निसटतो.

मराठीत तर याहून सोपं उदाहरण मिळतं. ‘मराठी’ या शब्दाची लांबी कोटलिनचं `length` ५ सांगतं, कारण ते काना आणि वेलांटी वेगळी मोजतं. स्विफ्टचं `count` ३ सांगतं. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली, तर एका फोनवर चाललेलं नाव दुसऱ्यावर नाकारलं जाईल.

एकच नियम दोनदा लिहिण्याचा खरा धोका हा आहे. दुप्पट मेहनत डोळ्यांना दिसते, पण उत्तरांमधली अशी तफावत ग्राहकाची तक्रार आल्यावरच कळते.

यावरचा एक उपाय म्हणजे कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. कोटलिन भाषा बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने ते नोव्हेंबर २०२३मध्ये स्थिर म्हणून जाहीर केलं आणि २०२४मध्ये गूगलनेही त्याला अधिकृत पाठिंबा दिला. सूट, कर, पत्त्याची तपासणी असे नियम `commonMain` नावाच्या फोल्डरमध्ये एकदाच लिहायचे. अँड्रॉइडसाठी तो कोड नेहमीसारखाच तयार होतो. आयफोनसाठी त्याच कोडपासून मूळ यंत्रभाषेतलं फ्रेमवर्क बनतं आणि स्विफ्टचा प्रोग्रामर ते इतर कुठल्याही लायब्ररीसारखं जोडून घेतो. पडदे, बटणं, सरकणाऱ्या याद्या दोन्हीकडे स्वतंत्रच राहू शकतात, आणि माझ्या मते त्या तशाच राहाव्यात; आयफोन वापरणाऱ्याच्या बोटांना आयफोनच्याच सवयी असतात.

आता अडीच रुपयांचा निर्णय एका जागी होतो, आणि त्याची चाचणीही एकच पुरते. मात्र दुरुस्ती केली म्हणून ती दोन्ही फोनवर एकाच दिवशी पोचत नाही. दोन्ही स्टोअरमधून नवी आवृत्ती बाहेर पडायला हवी आणि लोकांनी ती घ्यायलाही हवी. म्हणून पैशांचा अंतिम आकडा सर्व्हरनेच ठरवायचा. फोनमधला हिशेब ग्राहकाला तत्काळ दाखवण्यासाठी आणि नेटवर्क नसताना काम चालू ठेवण्यासाठी.

अडचण येते ती कोटलिन आणि स्विफ्ट यांच्या सीमेवर. स्विफ्टला हा कोड ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या भाषेच्या मध्यस्थीने दिसतो आणि त्या वाटेत काही गोष्टी गळतात. समजा, कालबाह्य कूपन आलं की सामाईक फंक्शन एक्सेप्शन फेकतं. अँड्रॉइडवाला ते पकडतो आणि ‘कूपनची मुदत संपली’ असा संदेश दाखवतो. कोटलिनमध्ये एक्सेप्शन आधी जाहीर करण्याची सक्ती नाही. पण फंक्शनवर `@Throws` लिहिलेलं नसेल, तर स्विफ्टकडे ते पकडण्याची सोयच उरत नाही आणि आयफोनवरचं ॲप तिथेच बंद पडतं. तोच कोड, तेच कूपन आणि क्रॅश फक्त आयफोनवर, असं दिसलं की आधी ही जागा तपासावी. त्याहून चांगलं म्हणजे कालबाह्य कूपन ही अनपेक्षित घटना मानूच नये. फंक्शनने ‘मंजूर’ किंवा ‘मुदत संपली’ असं साधं उत्तर परत द्यावं, म्हणजे सीमा ओलांडताना काही हरवत नाही.

ड्रॉपबॉक्सने पूर्वी असाच सामाईक कोड सी++मध्ये ठेवला होता. २०१९मध्ये त्यांनी तो मार्ग सोडल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या साधनांबाहेरची साधनं स्वतः बांधावी लागत होती, बिघाड शोधणं अवघड जात होतं आणि तो कोड जाणणारी माणसं मिळेनात. कोटलिनमध्ये यातली निम्मी अडचण सुटते, कारण अँड्रॉइडच्या लोकांची ती रोजचीच भाषा आहे. उरलेली निम्मी आयफोनच्या टीमवर पडते. सूट चुकली आणि त्यांना ती स्वतः दुरुस्त करता आली नाही, तर प्रत्येक वेळी त्यांना अँड्रॉइडवाल्यांची वाट पाहावी लागते. मग घाईच्या दिवशी कोणीतरी तोच नियम स्विफ्टमध्ये पुन्हा लिहितो, आणि ४७-४८चा घोळ परत सुरू होतो. म्हणून सामाईक मॉड्यूलमधला बदल तपासण्याचा आणि करण्याचा अधिकार आयफोनच्या प्रोग्रामरला पहिल्या दिवसापासून हवा, आणि तेवढं कोटलिन शिकायला त्याला वेळही द्यायला हवा. तो देता येत नसेल आणि नियम मोजकेच असतील, तर ते दोनदा लिहून दोन्ही ॲपना नमुन्याच्या बिलांची एकच यादी चाचणीसाठी द्यावी. अडीच रुपयांचं बिल त्या यादीत असलं पाहिजे.