ताप नसलेला खोकला

गेल्या पावसाळ्यात किराणा दुकान चालवणाऱ्या चोपन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. अंगावर व तोंडात फोड येणाऱ्या पेम्फिगस नावाच्या आजारासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना रोज 50 मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन सुरू केले होते. सहा आठवड्यांत फोड सुकले होते. तक्रार एवढीच, की कोरडा खोकला येतो आणि माडीवर जाताना दम लागतो. ताप नव्हता. छातीला नळी लावली तर काही विशेष ऐकू येईना. मी खोकल्याचे औषध देऊन त्यांना घरी पाठवले. ही माझी चूक झाली.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. बसलेल्या असताना बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायू 95 दिसला. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या, तर तो 87 वर उतरला. शहरात सी.टी. स्कॅन आणि फुप्फुसातील द्रवाची तपासणी झाली, तेव्हा न्यूमोसिस्टिस हा बुरशीचा न्यूमोनिया निघाला. तीन आठवड्यांच्या उपचारांनी त्या वाचल्या.

ताप, सूज, वेदना ही शरीराची भांडणाची चिन्हे. स्टेरॉइड ते भांडणच दाबते. म्हणून पेम्फिगस बरा होतो आणि म्हणूनच जंतुसंसर्गही गुपचूप वाढतो. अशा रुग्णात थर्मामीटरवर विसंबून चालत नाही. नवा खोकला आणि चालताना लागणारा दम यांकडे पाहावे लागते.

हा न्यूमोनिया टाळायची गोळी जुनी आणि स्वस्त आहे : को-ट्रायमॉक्साझोल. दिवसाला 20 मि.ग्रॅ. किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर वा त्याहून जास्त चालणार असेल, आणि त्यातही प्रतिकारशक्ती कमी करणारे दुसरे औषध सोबत असेल, तर ती द्यायचा विचार करतात. साधी गोळी रोज एक, किंवा दुप्पट ताकदीची आठवड्यातून तीनदा. मात्र सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याने ती घेऊ नये. मूत्रपिंडे अधू असतील तर रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ही जोडी रक्तपेशींना महागात पडते. डॉक्टरांना हे आधी सांगावे.

आपल्याकडे दुसरी भीती क्षयाची. अनेकांच्या छातीत तो लहानपणापासून झोपलेला असतो, आणि स्टेरॉइड त्याला उठवते. म्हणून स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वीच छातीचा एक्स-रे आणि हातावरची मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी करून घ्यावी. औषध सुरू झाल्यावर मांटूची गाठ नीट उठत नाही. तेव्हा 5 मि.मी. गाठसुद्धा सकारात्मक धरतात. झोपलेला क्षय सापडला तर साधारणपणे सहा महिने आयसोनियाझिड व सोबत बी-6 जीवनसत्त्व देतात. रिफाम्पिसिन गटातली औषधे प्रेडनिसोलोनचा प्रभाव कमी करतात, त्यामुळे इथे ती टाळलेली बरी. पण छातीत जागा क्षय नाही याची खात्री आधी हवी. जाग्या क्षयाला एकच औषध दिले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात.

लसींचे तसे सोपे आहे. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकसची, आणि नागिणीची नवी दोन डोसांची लस : या तिन्हींत जिवंत जंतू नसतो. शक्यतो स्टेरॉइडच्या दोन आठवडे आधी घ्याव्यात. जमले नाही तर औषध चालू असताना घेतल्या तरी चालतात, फक्त गुण थोडा कमी येतो. कांजिण्या, गोवर-गालगुंड यांच्या जिवंत लसी मात्र मोठ्या मात्रेचे स्टेरॉइड चालू असताना आणि बंद झाल्यावर निदान महिनाभर घेऊ नयेत.

आता पोटाचे. स्टेरॉइड म्हटले की ॲसिडिटीची गोळी, असे समीकरणच झाले आहे. खरे तर एकट्या स्टेरॉइडने अल्सर होण्याचा धोका थोडाच. पण याच बाई गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होत्या. ही जोडी पोटाला भारी. मी त्या गोळ्या बंद केल्या. ॲस्पिरिन चालू असेल वा पूर्वी अल्सर झालेला असेल, तर पँटोप्राझोलसारखी गोळी अवश्य द्यावी. इतरांना ती उगाच वर्षभर देऊ नये, कारण आम्ल कमी झाले की आतड्यांचे जंतुसंसर्ग वाढतात. एक सावधगिरी : अल्सर फुटला तरी स्टेरॉइडमुळे पोट फारसे दुखत नाही. काळी शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हे वाचून कोणी घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तोवर बंद पडलेले असते, आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

बाईंचा डोस आता 10 मि.ग्रॅ.वर आला आहे. नागिणीच्या लसीचा दुसरा डोस पुढच्या मंगळवारी आहे. माडीवर त्या न थांबता चढतात. तरी दर भेटीत मी त्यांना व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावतोच.