जवळचा रस्ता सोडून इंटरनेट लांबून का जातं?

१२ मार्च २०१५ रोजी भारतात दुपारचे साधारण अडीच वाजले असताना जगाच्या वेगवेगळ्या भागांत गुगलच्या सेवा अचानक मिळेनाशा झाल्या. गुगलची यंत्रं व्यवस्थित चालू होती. समुद्राखालची केबल तुटली नव्हती, कुणी हल्लाही केला नव्हता. हॅथवे या भारतीय ब्रॉडबँड कंपनीने तिला इंटरनेट पुरवणाऱ्या भारती एअरटेलला चुकून कळवलं होतं, की गुगलकडे जाणारा रस्ता आमच्यातून आहे. एअरटेलने ते खरं मानलं आणि पुढे जगाला कळवलं. अमेरिकेतल्या कोजंट आणि लेव्हल थ्री, फ्रान्सची ऑरेंज, सिंगापूरची सिंगटेल अशा बड्या कंपन्यांनीही ते स्वीकारलं. गुगलच्या पत्त्यांचे तीनशेहून अधिक गट या चुकीच्या घोषणेत होते आणि त्यांच्याकडे निघालेली वाहतूक भारताकडे वळू लागली.

गुगलशी जगातल्या शेकडो कंपन्यांची थेट जोडणी आहे. मग थेट रस्ता हाताशी असताना एखादी कंपनी एअरटेल आणि हॅथवे असे दोन थांबे घेऊन का जाईल? याचं उत्तर इंटरनेटवर रस्ता कसा ठरतो यात आहे. तिथे अंतराच्या आधी व्यवहार बघितला जातो.

इंटरनेट ही एकसंध यंत्रणा नाही. वेगवेगळ्या मालकांची पाऊण लाखाच्या आसपास स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते तयार झालं आहे. यातल्या प्रत्येक जाळ्याला ऑटॉनॉमस सिस्टीम, थोडक्यात एएस म्हणतात, आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. एअरटेलचा ९४९८, हॅथवेचा १७४८८ आणि गुगलचा १५१६९. आपल्या जाळ्याच्या आत माहिती कुठून न्यायची, हे ज्याचं तो ठरवतो. पण एका जाळ्यातून दुसऱ्यात जायचं तर दोघांना समजेल अशी एक बोली लागते. ती बोली म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, बीजीपी. सिस्कोचे कर्क लॉकीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ साली कागदी नॅपकिनवर तिचा पहिला आराखडा मांडला. तिची चौथी आवृत्ती आजही सगळं जग वापरतं.

बीजीपीचं काम वरवर पाहता साधं आहे. दोन शेजारी जाळ्यांच्या सीमेवरचे राउटर एकमेकांशी कायमचा संवाद उघडा ठेवतात. हा संवाद आपोआप सुरू होत नाही. दोन्हीकडच्या इंजिनियरांनी एकमेकांचा पत्ता आणि एएस क्रमांक आपापल्या राउटरमध्ये भरावा लागतो. मग एक राउटर दुसऱ्याला सांगतो, ‘पत्त्यांच्या अमुक गटापर्यंत मी पोचवू शकतो.’ ही घोषणा पुढे जाताना वाटेतलं प्रत्येक जाळं आपला क्रमांक तिच्या डाव्या टोकाला जोडतं. रस्ता बंद झाला की तीच घोषणा मागे घेतली जाते. इंटरनेटचा पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. शेजाऱ्याने जे सांगितलं, तेवढंच प्रत्येकाला माहीत असतं.

गुगलच्या 8.8.8.0/24 या गटाचं उदाहरण घेऊ. तो गुगलकडून हॅथवेला, हॅथवेकडून एअरटेलला आणि एअरटेलकडून पुढच्या कंपनीला कळवला गेला, तर त्या तिघांना अनुक्रमे असा मार्ग दिसेल:

```
8.8.8.0/24   15169
8.8.8.0/24   17488 15169
8.8.8.0/24   9498 17488 15169
```

क्रमांकांच्या या माळेला एएस पाथ म्हणतात. घोषणेतल्या माळेत आपलाच क्रमांक दिसला, तर रस्ता गोल फिरून आला हे ओळखून राउटर ती टाकून देतो.

एकाच गटासाठी दोन शेजाऱ्यांकडून दोन घोषणा आल्या, तर निवड कशी करायची? छोटी माळ घ्यावी असं आपल्याला सहज वाटेल. राउटरही माळेची लांबी मोजतो, पण ती कसोटी नंतर येते. त्याआधी तो लोकल प्रेफरन्स नावाचा आकडा बघतो. हा आकडा त्या कंपनीच्या इंजिनियरने स्वतः ठरवलेला असतो आणि तो जाळ्याच्या बाहेर जात नाही. ज्या रस्त्याचा आकडा मोठा, तो रस्ता पक्का. माळेत दोन क्रमांक आहेत की सहा, हा प्रश्न हे आकडे सारखे असतील तरच येतो.

हा आकडा ठरतो पैशांच्या व्यवहारावरून. एखाद्या इंटरनेट कंपनीचे शेजारी ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला ग्राहक. तो जगाशी जोडून देण्याचे पैसे आपल्याला देतो. दुसरा बरोबरीचा, ज्याला या धंद्यात पीअर म्हणतात. दोघं आपापल्या ग्राहकांची वाहतूक एकमेकांना देतात आणि सहसा पैसे घेत नाहीत. तिसरा पुरवठादार, ज्याला आपण पैसे मोजतो. एकाच ठिकाणी तिघांमार्फत पोचता येत असेल, तर कंपनी ग्राहकाचा रस्ता आधी घेते, कारण त्यावरून कमाई होते. तो नसेल तर बरोबरीच्याचा. पुरवठादाराचा रस्ता सगळ्यात शेवटी. म्हणून ग्राहकाला २००, बरोबरीच्याला १०० आणि पुरवठादाराला ५० असे काहीतरी आकडे दिले जातात. कंपनीगणिक आकडे बदलतात, क्रम सहसा बदलत नाही.

हे झालं रस्ता घेण्याबद्दल. रस्ता कुणाला सांगायचा, याचाही नियम आहे. ग्राहकाकडून कळलेला रस्ता सगळ्यांना सांगायचा, कारण ग्राहक त्यासाठीच पैसे देतो. पण बरोबरीच्याकडून किंवा पुरवठादाराकडून कळलेला रस्ता फक्त आपल्या ग्राहकांना सांगायचा. शेताच्या बांधावरून आपल्या घरच्या माणसांना आपण येऊ-जाऊ देतो, पण दोन गावांची रहदारी त्या बांधावर घेत नाही. कारण बांध आपला, झीज आपली आणि मोबदला काहीच नाही. लिक्सिन गाव आणि जेनिफर रेक्सफर्ड या दोन संगणकशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिलं, की ग्राहकाला अग्रक्रम आणि बाकीचे रस्ते मोजक्यांनाच सांगणं हे दोन नियम सगळ्यांनी पाळले आणि ग्राहक-पुरवठादारांची साखळी कुठे गोल फिरली नाही, तर कुठल्याही मध्यवर्ती अधिकाऱ्याशिवाय इंटरनेटचे रस्ते स्थिरावतात.

आता २०१५ च्या त्या दुपारकडे पाहू. हॅथवेला गुगलचे रस्ते गुगलशी असलेल्या थेट जोडणीतून कळले होते. नियमानुसार ते तिने फक्त आपल्या ग्राहकांसाठी वापरायचे होते. ते एअरटेलकडे, म्हणजे आपल्या पुरवठादाराकडे गेले आणि दुसरा नियम मोडला. अशा चुकीला रूट लीक म्हणतात.

यानंतर पहिल्या नियमाने आपलं काम चोख बजावलं आणि चूक जगभर पसरली. एअरटेलसारख्या कंपनीच्या राउटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समजा गुगलकडे जाणारे दोन रस्ते समोर आहेत. एक बरोबरीच्या नात्याने थेट, माळ `15169`, आकडा १००. दुसरा हॅथवेमार्फत, माळ `17488 15169`, आकडा २००, कारण हॅथवे ग्राहक आहे. राउटर दुसरा रस्ता निवडतो. तो लांबचा आहे, हे बघण्याची वेळच येत नाही. शिवाय ग्राहकाचा रस्ता म्हणून तो सगळ्या शेजाऱ्यांना सांगितला जातो. एअरटेल स्वतः ज्या परदेशी कंपनीची ग्राहक असेल, त्या कंपनीचा राउटरही हाच हिशेब करतो आणि आपला थेट रस्ता सोडून `9498 17488 15169` घेतो. निवड नुसत्या लांबीवर होत असती, तर गुगलशी थेट जोडलेल्या एकाही कंपनीने हा रस्ता घेतला नसता.

मग लांबीलाच पहिला मान का देऊ नये? एक तर ही लांबी फसवी असते. माळेतला एक क्रमांक म्हणजे मुंबईतली एखादी छोटी कंपनी असू शकते, नाहीतर तीन खंडांत पसरलेलं महाकाय जाळंही. दोन क्रमांकांचा रस्ता अमेरिकेला वळसा घालून येऊ शकतो आणि चार क्रमांकांचा एकाच शहरात संपू शकतो. दुसरं कारण अधिक खोल आहे. एकाच मालकाच्या जाळ्यात प्रत्येक तारेचा खर्च माहीत असतो, त्यामुळे सर्वात जवळचा रस्ता काढणं हे निव्वळ गणित उरतं. दोन कंपन्यांमध्ये तसा सामाईक हिशेब नसतो. एकीच्या दृष्टीने जवळचा रस्ता दुसरीला तोट्यात घालू शकतो. जवळ पडतं म्हणून हॅथवेने साऱ्या जगाची गुगलची वाहतूक फुकट वाहावी, असं कुणी म्हणणार नाही. शेजारी निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क नसता, तर स्पर्धक कंपन्या एकमेकींना जोडल्याच गेल्या नसत्या.

अशी गळती ओळखायची कशी? जगात ठिकठिकाणी बसवलेले निरीक्षक राउटर बीजीपीच्या घोषणा नोंदवत असतात. त्या नोंदींत एखाद्या बड्या कंपनीचा क्रमांक एका छोट्या जाळ्याच्या उजवीकडे आणि त्या छोट्याच्या डावीकडे दुसरी बडी कंपनी दिसली, तर शंका घ्यावी. दोन बड्या कंपन्यांमधली वाहतूक छोट्या जाळ्यातून जाण्याचं सहसा कारण नसतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नायजेरियातल्या मेनवन कंपनीकडून अशीच चूक झाली. गुगलचे दोनशेहून अधिक गट चायना टेलिकॉममार्फत जगात पोचले आणि चूक निस्तरायला ७४ मिनिटं लागली.

यावर आरपीकेआय ही स्वाक्षरीची पद्धत पुरेशी नाही. पत्त्यांचा मूळ मालक खरा आहे का, एवढंच ती तपासते, आणि गळतीत माळेच्या उजव्या टोकाला खरा मालकच असतो. २०२२ साली बीजीपीत एक खूण दाखल झाली. बरोबरीच्याकडून किंवा पुरवठादाराकडून आलेल्या रस्त्यावर ‘फक्त ग्राहकांसाठी’ असा शिक्का बसतो आणि तो शिक्का असलेला रस्ता ग्राहकाकडून उलटा आला, की राउटर तो नाकारतो. मात्र वाटेतल्या राउटरांनी ही सोय चालू केली, तरच तिचा उपयोग.

तोवर जुना उपाय आहेच. प्रत्येक ग्राहकाचे पत्ते कोणते याची यादी ठेवायची आणि यादीबाहेरची घोषणा घ्यायची नाही. ग्राहकाकडून आलेल्या माळेत गुगलसारख्या बड्या कंपनीचा क्रमांक दिसला, तर ती सरळ टाकून द्यायची. ही तपासणी करायची जागा पुरवठादाराच्या दारात आहे, कारण ग्राहकाच्या शब्दाला सर्वात जास्त वजन तोच देतो आणि तो शब्द जगापर्यंत तोच पोचवतो. अशा गळतीत छोट्या कंपनीच्या इंजिनियरकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण ग्राहकाचा रस्ता कमाईचा म्हणून डोळे मिटून घेणाऱ्या मोठ्या कंपनीची जबाबदारी त्याच्यापेक्षा मोठी आहे.