तीनशे टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत?

दुकानाने ऑनलाइन विक्री सुरू केली की कुठल्या ना कुठल्या डिजिटल मार्केटिंग एजन्सीचा फोन येतोच. भेट ठरते, लॅपटॉप उघडला जातो आणि पडद्यावर केस स्टडी येते. समजा, ती एका साडीविक्रेत्याची आहे. ‘३० दिवसांत १२ लाखांची विक्री. विक्रीत ३०० टक्के वाढ. जाहिरातखर्चावर ८ पट परतावा.’ शेजारी वर चढत गेलेली हिरवी रेघ. समोर बसलेल्या दुकानदाराचा दिवाळीचा माल गोदामात येऊन पडलेला असतो आणि तो सही करायच्या बेतात असतो.

हे आकडे खोटे असतील असं मला म्हणायचं नाही. बहुतेक वेळा ते खरेच असतात, कुठल्यातरी डॅशबोर्डवरून उतरवलेले असतात. पण त्यांच्या शेजारी जे लिहायला हवं ते तिथे नसतं. ते ३० दिवस कोणते, वाढ कशाच्या तुलनेत आणि हे सगळं किती रुपये घालून झालं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून हीच केस स्टडी आपण सोडवून बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून रुपयांचे आकडे मी गोल धरले आहेत, तारखा मात्र पंचांगातल्या आहेत.

तारखांपासून सुरुवात करायची. एजन्सीला विचारल्यावर कळतं की ते ३० दिवस म्हणजे ३० सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर २०२४. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला धनत्रयोदशी होती. म्हणजे मोजमाप संपतं ते बाजार सर्वांत तेजीत असताना. तुलना केली आहे त्याच्या लगेच आधीच्या ३० दिवसांशी, म्हणजे ३१ ऑगस्ट ते २९ सप्टेंबर. त्या काळात दुकानाची ऑनलाइन विक्री ३ लाख होती. ३ लाखांचे १२ लाख झाले, म्हणून ३०० टक्के वाढ. गणित बरोबर आहे. पण त्या आधीच्या ३० दिवसांतले शेवटचे बारा दिवस पितृपक्षाचे होते. आपल्याकडे पितृपक्षात किती घरांतून नवी साडी घेतली जाते, हे कुठल्याही कापड दुकानदाराला सांगायला नको. वर्षातला सर्वांत मंद पंधरवडा एका बाजूला ठेवला आणि सर्वांत तेज महिना दुसऱ्या बाजूला, की जाहिरात केली काय आणि न केली काय, रेघ वरच जाणार.

यावर एजन्सीचा माणूस म्हणू शकतो, ‘ठीक आहे, मग गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना करा.’ ऐकायला हे रास्त वाटतं, आणि इथेच जाणती माणसंसुद्धा फसतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत चालला, दसरा २४ ऑक्टोबरला आला आणि धनत्रयोदशी थेट १० नोव्हेंबरला. म्हणजे २०२३ चा जवळजवळ अर्धा ऑक्टोबर पितृपक्षात गेला आणि दिवाळीची खरी खरेदी नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत झाली. २०२४ मध्ये तीच खरेदी ऑक्टोबरमध्ये येऊन बसली. महिन्याचं नाव तेच असलं तरी ऑक्टोबर ते ऑक्टोबर ही तुलना दोन वेगळ्या मोसमांची होते.

तुलना तिथीने करायची. २०२४ मध्ये धनत्रयोदशीपर्यंतचे ३० दिवस घेतले असतील, तर २०२३ मध्येही धनत्रयोदशीपर्यंतचेच घ्यायचे, म्हणजे १२ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. दोन्हीकडे सुरुवातीला पितृपक्षाचे तीन दिवस येतात, दोन्हीकडे नवरात्र, दसरा आणि धनत्रयोदशी येते. आता आकडे काढले तर दिसतं की २०२३ च्या त्या ३० दिवसांत, एजन्सी नसताना, दुकानाने ८ लाखांची विक्री केली होती. ८ लाखांचे १२ लाख, म्हणजे वाढ ५० टक्के. ३०० मधले २५० टक्के नुसती तारीख सरळ केल्याबरोबर गळून पडले.

उरलेले ५० टक्के तरी जाहिरातीचे का? तेही लगेच मान्य करू नये. दुकानदाराने आपल्या वहीत पाहिलं तर एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत, एजन्सी येण्याच्या आधीच, विक्री आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांनी वर चालली होती. जुनी गिऱ्हाइकं परत येत होती, नाव होत होतं. तोच वेग दिवाळीतही राहिला असता तर ८ लाखांचे १० लाख आपसूकच झाले असते. याला पायारेषा म्हणायचं: जाहिरात नसती तर काय झालं असतं, याचा शक्य तितका प्रामाणिक अंदाज. जाहिरातीच्या खात्यावर जमा करता येतात ते त्या पायारेषेच्या वरचे २ लाख. हा अंदाजच आहे, हे लक्षात ठेवायला हवं. वेग मंदावलाही असता, वाढलाही असता. तरीसुद्धा १० लाखांचा कच्चा अंदाज ३ लाखांच्या पितृपक्षी आकड्यापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ आहे.

पायारेषा नसली की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण ईबे या कंपनीचं आहे. लोक गुगलसारख्या सर्च इंजिनावर ‘ईबे’ असं टाइप करायचे, तेव्हा सर्वांत वर ईबेची जाहिरात दिसायची आणि तिच्यावरच्या प्रत्येक क्लिकचे पैसे कंपनी भरायची. हिशेबात ती जाहिरात फार फायद्याची दिसत होती. २०१२ मध्ये थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी काही सर्च इंजिनांवर ती बंद करून पाहिली. जवळजवळ सगळी माणसं जाहिरातीखालच्या फुकटच्या दुव्यावर क्लिक करून तितक्याच संख्येने साइटवर आली. जी येणारच होती, त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते. इतर शब्दांवरच्या जाहिरातीही त्यांनी अमेरिकेच्या काही भागांत थांबवल्या. तेव्हा नेहमीच्या ग्राहकांवर फारसा फरक पडला नाही, नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र पडला. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला. जाहिरात कुणावर चालते आणि कुणावर नाही, हे त्यातून इतकं स्वच्छ दिसतं की एजन्सीशी बोलण्याआधी प्रत्येक दुकानदाराने तो निष्कर्ष माहीत करून घ्यावा असं मला वाटतं.

आता त्या ‘८ पट परताव्या’कडे वळू. आठ पट म्हणजे एक रुपयाच्या जाहिरातीमागे आठ रुपयांची विक्री. रुपये किती, हे केस स्टडीत नव्हतं. विचारल्यावर कळलं की जाहिरातीवर १ लाख घातले आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या डॅशबोर्डने ८ लाखांची विक्री त्या जाहिरातींच्या नावे दाखवली. एरवीच्या सेटिंगनुसार मेटाचा हा हिशेब असा चालतो: जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत कुणी खरेदी केली, किंवा क्लिक न करता नुसती जाहिरात समोर आल्यावर एका दिवसात खरेदी केली, तर ती विक्री जाहिरातीची. सात वर्षं तुमच्याकडूनच पाडव्याची साडी घेणाऱ्या काकूंना सकाळी तुमची जाहिरात दिसली आणि संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे ऑर्डर दिली, तर तीही त्या ८ लाखांत मोजली जाते. डॅशबोर्ड खोटं बोलत नाही. जाहिरात दिसल्यानंतर कुणी खरेदी केली, एवढंच तो सांगतो. जाहिरातीमुळे कुणी केली, हे त्याला त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आणि खर्च फक्त १ लाख होता का? नीट खोदून विचारलं तर बाकीचं बाहेर येतं. एजन्सीची फी ४० हजार. साड्यांचे फोटो, रील आणि दोन इन्फ्लुएन्सर मिळून ३५ हजार. शिवाय त्या महिन्यात ‘दिवाळी १०’ नावाचं दहा टक्क्यांचं कूपन चालू होतं. ते ६ लाखांच्या मालावर वापरलं गेलं आणि केस स्टडीतली विक्री कूपन वजा न करता लिहिली होती, म्हणजे आणखी ६० हजार. एकूण झाले २ लाख ३५ हजार. जीएसटी मी धरलेला नाही, कारण नियमित नोंदणी असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल तर तोही खर्चच. कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या ऑर्डरी विक्रीतून वजा केल्या आहेत का, हेही विचारून घ्यावं. कपड्यांच्या धंद्यात हा आकडा किरकोळ नसतो.

या दुकानाला मालाच्या किमतीवर ४० टक्के नफा सुटतो असं धरू. डॅशबोर्डचे ८ लाख खरे मानले तर ३ लाख २० हजार सुटले आणि २ लाख ३५ हजार खर्च वजा जाऊनही फायदा दिसतो. तिथीने केलेल्या तुलनेतली ४ लाखांची सगळी वाढ जाहिरातीला बहाल केली तर १ लाख ६० हजार सुटले, म्हणजे तोटा. आणि पायारेषेच्या वरचे २ लाखच धरले तर फक्त ८० हजार. जाहिराती त्याच आणि खर्चही तोच. निकाल बदलला तो कशाशी तुलना केली यावरून.

एजन्सीच्या बाजूनेही एक मुद्दा खरा आहे. नवी आलेली गिऱ्हाइकं पुढच्या वर्षभरात परत येतात आणि एका महिन्याच्या हिशेबात ती कमाई धरलेली नसते. हे मान्य, पण मग त्यांनी नव्या ग्राहकांची संख्या दाखवावी आणि आधीच्या मोहिमेत आलेल्यांपैकी किती जण परत आले तेही. उलट बाजूही आहे. लोकांनी दिवाळीनंतरच्या लग्नांची खरेदी सवलत बघून आधीच उरकली असेल तर नोव्हेंबरची विक्री तेवढी घटते. धनत्रयोदशीला संपणाऱ्या आलेखात ती घट दिसूच शकत नाही. म्हणून किमान २४ महिन्यांची, महिनावार, रुपयांतली विक्री मागावी. नुसते टक्के देणारी, उभ्या अक्षावर आकडेच नसलेली रेघ स्वीकारू नये.

स्वतःच्या दुकानात खात्री करायची असेल तर जाहिरात काही जिल्ह्यांत चालवून काहींत बंद ठेवता येते. पुणे आणि नाशिकला दाखवायची, कोल्हापूर आणि संभाजीनगरला नाही; दोन्ही गटांची आदल्या वर्षीच्या त्याच तिथींची विक्री शेजारी मांडायची. दिवसाला चार-दोन ऑर्डरी असतील तर यातून फारसं काही कळणार नाही, योगायोगच जास्त दिसेल. पण महिन्याला काही शे ऑर्डरी असतील तर सहा-आठ आठवड्यांत बरंच स्पष्ट होतं.

येत्या काळात केस स्टडी बघाल तेव्हा एक तारीख जवळ ठेवा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा २०२६ चा नोव्हेंबर २०२५ च्या नोव्हेंबरपेक्षा झकास दिसेल, कुणी जाहिरात केली असो वा नसो. असा आलेख समोर आला तर सही करण्याआधी दोन्ही वर्षांची धनत्रयोदशीपर्यंतच्या ३० दिवसांची विक्री आणि फी-कूपनांसकट एकूण खर्च, दोन्ही रुपयांत लिहून मागा.