चवथीचे जेवण आणि रात्रीची जळजळ

चवथीच्या दिवसांत दुपारी खतखते आणि नेवऱ्या, रात्री आरती-भजन आणि त्यानंतर उशिराचे जेवण. अकराला आडवे झाल्यावर छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. अशा वेळी घरातील कोणीतरी सकाळी घेतात ती पँटोप्राझोलची गोळी पुढे करतात. ती घेऊनही तासाभराने जळजळ तशीच राहते. गोळी खराब नसते, वेळ चुकलेली असते.

आम्लपित्तावरची औषधे तीन तऱ्हेची आहेत. पहिले अँटासिड, म्हणजे पातळ औषध किंवा चघळायची गोळी. त्यातील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमचे क्षार पोटात आधीच आलेल्या आम्लाला मारतात. आराम काही मिनिटांत पडतो, पण तास-दोन तासच टिकतो.

दुसरे फॅमोटिडीनसारखे औषध. ते जठराला मिळणारा आम्ल तयार करण्याचा एक निरोप अडवते. गुण यायला सुमारे तास लागतो, पण तो रात्रभर पुरतो. रोज घेत राहिल्यास मात्र हळूहळू कमी लागू पडते.

तिसरे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखे. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. हे औषध ते पंपच बंद पाडते, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप जेवणामुळे चालू होतात, म्हणून गोळी न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यायची असते. शिवाय सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. जेवणानंतर अकराला घेतलेली गोळी म्हणूनच त्या रात्री फारशी कामाला येत नाही.

तेव्हा कधीतरी होणाऱ्या जळजळीला अँटासिड पुरे. बाटली हलवून दोन चमचे घ्यावे आणि उशी उंच करावी. जड जेवण होणार हे आधीच ठाऊक असेल, तर तासभर आधी फॅमोटिडीन चालते, मात्र डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अँटासिडही विचारूनच घ्यावे. थायरॉईड, लोह किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील, तर अँटासिड किती तासांच्या अंतराने घ्यायचे ते औषधवाल्याला विचारावे.

पंप बंद करणारी गोळी आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस त्रास होणाऱ्यांसाठी, ठरावीक मुदतीपुरती. महिनोन्‌महिने घेऊन अचानक सोडली, तर काही दिवस आम्ल उलट वाढते. मग माणसाला वाटते, गोळीशिवाय चालतच नाही. डॉक्टरांनी चालू केलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये.

गिळताना अडकणे, वजन घटणे, काळे शौच ही लक्षणे असल्यास औषध बदलत बसू नये, तपासून घ्यावे. जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर अँटासिडची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.