दाब वाढला, तरी ऊर्जा गेली कुठे?

100 मिलिमीटर व्यासाचा आडवा पाइप अचानक 200 मिलिमीटरचा होतो. अरुंद भागात पाण्याचा वेग सेकंदाला 4 मीटर आहे. दाब किती वाढेल आणि हेड लॉस किती? इंजिनिअरिंगच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हा प्रश्न हमखास भेटतो.

व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून पुढचा वेग 1 मीटर. इथवर कुणी अडत नाही. नंतर बरेच जण थेट बर्नुलीचं सूत्र लावतात आणि दाब 7500 पास्कलने वाढला असं लिहून मोकळे होतात. पण त्या सूत्रात ऊर्जा वाया जात नाही असं गृहीत आहे, आणि इथे तर ती जातेच. अरुंद पाइपातून सुटलेली धार लगेच पसरत नाही. ती सरळ पुढे घुसते, तिच्या कडेला कोपऱ्यांत पाणी भोवऱ्यांत फिरत राहतं आणि त्या घुसळणीत ऊर्जेची शेवटी उष्णता होते.

ती किती जाते हे ऊर्जेच्या समीकरणाला एकट्याने सांगता येत नाही, कारण त्यात दाब आणि हानी दोन्ही अज्ञात. म्हणून आधी संवेगाकडे जायचं. भोवऱ्यांनी ऊर्जा खाल्ली तरी संवेगाचा हिशेब बिघडत नाही. त्याला फक्त बाहेरून लागणारी बलं हवीत.

खरी मेख त्या बलांत आहे. पाइप जिथे रुंद होतो तिथे एक उभी, कड्याच्या आकाराची भिंत असते आणि तीही पाण्याला पुढे ढकलते. तिच्यावरचा दाब मागच्या पाइपातल्या दाबाएवढाच धरतात. हे गृहीतक आहे, पण प्रयोगांत ते बरंच खरं उतरतं. मग समीकरण असं होतं:

(p₁ − p₂)A₂ = ρQ(V₂ − V₁)

Q म्हणजे A₂V₂, त्यामुळे दाबातली वाढ ρV₂(V₁ − V₂), म्हणजे 1000 × 1 × 3 = 3000 पास्कल. बर्नुलीच्या 7500 मधून हे वजा केले की 4500 पास्कल उरतात, पाण्याच्या उंचीत सुमारे 0.46 मीटर. हेच (V₁ − V₂)²/2g. बोर्दा आणि कार्नो या फ्रेंचांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं.

भिंत विसरली तर चूक पकडायची एक सोपी युक्ती आहे. दोन्ही दाबांत सारखीच रक्कम मिळवून पाहा. दाबांमधला फरक त्याने बदलायला नको. बदलला, तर समजा की डावीकडे A₁ आणि उजवीकडे A₂ असं लिहून भिंतीवरचं बल गाळलंय.

प्रयोगशाळेत मात्र दुसरा घोळ होतो. रुंदीकरणाला लागूनच दाबमापक बसवला तर तो वाढ जवळपास दाखवतच नाही, कारण धार अजून पसरलेलीच नसते. 3000 पास्कल दिसायला मोठ्या पाइपाच्या काही व्यासांइतकं पुढे जावं लागतं. आणि फार पुढे गेलं की पाइपाच्या घर्षणाने दाब पुन्हा उतरू लागतो.