मुलाखतीतली वाक्यं इंग्रजीत नेताना

दवाखान्यात का गेला नाहीत, असं संशोधकानं विचारल्यावर खेड्यातली एखादी बाई म्हणते, ‘आता... ह्यांनी नको म्हटलं, मग... ऱ्हायलंच.’ इंग्रजीत ‘मी गेले नाही’ असं केलं, तर निर्णय तिच्या माथी बसतो. ‘ऱ्हायलंच’मध्ये कर्ताच नाही, ‘इट जस्ट डिडन्ट हॅपन’ त्याच्या अधिक जवळचं. ‘ह्यांनी’ म्हणजे नवऱ्यानं, हे चौकोनी कंसात सांगावं. शोधनिबंधात तीन टिंबं बहुधा गाळलेला मजकूर दाखवतात, म्हणून थांबण्याच्या जागी कंसात ‘पॉज’ लिहावं. तो थांबा ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकूनच ठरवावा. बोलीसाठी मोडकं इंग्रजी मात्र वापरू नये. त्यानं बाई उगाच अडाणी दिसते. शक्य तिथे मूळ मराठी वाक्य शेजारीच छापावं.